आधी काम दाखवा, मग कागद

जुबैलमधल्या बहुतेक मराठी घरांत एक जाडजूड फाइल असते. प्लास्टिकच्या कव्हरात डिग्री, डिग्रीच्या पाठीवर शिक्के, आणि मागे एपीआय ५७०, सीएसडब्ल्यूआयपी, नेबॉश अशी एकेक सर्टिफिकेटं. या फाइलवर आपले संसार उभे राहिले आहेत. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी ‘मला ग्राफिक डिझायनर व्हायचंय’ म्हणाली, की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘त्याचं सर्टिफिकेट कुठलं?’ मग ऑनलाइन कोर्स सुरू होतात, एकामागून एक. वर्षभरात सहा-सात सर्टिफिकेटं जमतात आणि मुलाखतीला मात्र बोलावणं येत नाही.

बाबांचं काही चुकतं असं नाही. त्यांच्या कामात सर्टिफिकेटला फार ठोस कारण आहे. पाइपलाइनचा वेल्ड बाहेरून चांगला दिसला तरी आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही, आणि इन्स्पेक्टरने केलेली चूक काही वर्षांनी गळतीच्या रूपाने समोर येते. माणसाचं काम आधी तपासून पाहायची सोय नसते, म्हणून कुणातरी तिसऱ्या संस्थेने ‘याला हे येतं’ असं लिहून द्यावं लागतं. तेही कायमचं नाही. एपीआयचं सर्टिफिकेट दर तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं. इंजिनिअरला तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते. डिझायनरचं तसं नाही. त्याचं काम एका मिनिटात टेबलावर ठेवता येतं, आणि बघणाऱ्याला ते दिसतं. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं आपण पेपरातल्या जाहिरातीत लांबूनच ओळखत होतो. त्यांचं सर्टिफिकेट पाहायची गरज कुणाला वाटली?

सॉफ्टवेअरच्या सर्टिफिकेटचा अर्थ एवढाच, की या माणसाला ते सॉफ्टवेअर चालवता येतं. सीव्हीत त्याला एक ओळ द्यावी. मात्र पानावर कुठली गोष्ट मोठी करायची आणि कुठली काढून टाकायची, हे त्याला कळतं की नाही, ते त्यातून समजत नाही. आणि पहिली नोकरी देणाऱ्याला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

गेल्या वर्षी पाहण्यात आलेल्या एका पोर्टफोलिओबद्दल सांगतो. इथेच वाढलेली, पुण्यात डिझाइन शिकून परत आलेली मुलगी. तिच्या पोर्टफोलिओत फक्त सहा कामं होती, आणि त्यांतलं एक होतं उन्हाळ्यातल्या सुरक्षेचं पोस्टर. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उन्हात काम करायला सौदीत बंदी असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या दिवसांत साइटवर ‘पाणी प्या, सावलीत बसा’ अशी पोस्टरं लागतात. तिने पहिल्या पानावर नेहमीचं पोस्टर दाखवलं होतं: ए-फोर कागद, बारीक इंग्रजी मजकूर आणि ओळीत तीन चित्रं. डावीकडे घामाघूम झालेला कामगार, मध्ये पाणी पिणारा, उजवीकडे ताजातवाना होऊन उभा राहिलेला.

दुसऱ्या पानावर तिने एकच प्रश्न विचारला होता. अरबी आणि उर्दू वाचणारा माणूस उजवीकडून सुरुवात करतो, मग त्याला या पोस्टरमध्ये काय दिसेल? धडधाकट माणूस पाणी पितो आणि मग गळून जातो! पाणी पिऊ नका, असंच ते पोस्टर त्याला सांगत होतं. तिचा उपाय साधा होता. तिन्ही चित्रं एकाखाली एक लावली. वरून खाली सगळेच वाचतात, त्यामुळे अरबी, इंग्रजी, उर्दू आणि हिंदी अशा चारही भाषांना एकच पोस्टर चाललं.

तिसऱ्या पानावर अक्षरांचा आकार होता. पाण्याच्या कूलरपाशी रांगेत उभा असलेला माणूस साधारण तीन मीटरवरून वाचतो. दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर, हा साइनबोर्डवाल्यांचा जुना हिशेब धरून तिने मुख्य शब्द अडीच सेंटिमीटर उंच ठेवले. ते मावावेत म्हणून कागद ए-टू घेतला आणि मजकूर नऊ शब्दांवर आणला. शेवटच्या पानावर छापलेल्या पोस्टरचा, खऱ्या भिंतीवर, खऱ्या उन्हात काढलेला फोटो. खाली तिने लिहिलं होतं की चकचकीत लॅमिनेशनवर ऊन चमकून अक्षरं दिसेनात, म्हणून दुसऱ्या वेळी मॅट घेतलं.

हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. तरीही त्या चार पानांतून तिचा विचार कसा चालतो ते दिसत होतं, आणि मुलाखतीचा निम्मा वेळ त्यावरच गेला. तिची इतर सर्टिफिकेटं कुणी उघडली नाहीत.

आता उलट बाजू. पोर्टफोलिओ म्हणून जे पुष्कळदा येतं ते बघवत नाही. अस्तित्वात नसलेल्या कॉफी शॉपचे वीस लोगो, सगळे इंटरनेटवरून घेतलेल्या त्याच त्या कपावर चिकटवलेले. तयार टेम्प्लेटमध्ये नाव बदलून केलेली माहितीपत्रकं. अशा वेळी मुलाखत घेणारा मूळ फाइल उघडायला सांगतो, आणि लेअर उघडले की काम कुणाचं ते लगेच कळतं. अरबी मजकूर चुकीच्या सेटिंगमध्ये पेस्ट केलेला असेल तर जोडाक्षरांसारखी जुळलेली अक्षरं सुटी पडतात, क्रमही उलटा होतो. आपल्या फ्लेक्सवर ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षराला चिकटलेला दिसतो ना, त्यातलाच प्रकार. जुबैलमध्ये अशा एका चुकीवर अर्ज बाजूला पडतो, कारण इथलं जवळजवळ प्रत्येक काम दोन भाषांतलं असतं. इथे शाळेत अरबी आणि घरी देवनागरी वाचत वाढलेल्या आपल्या मुलांना हे कळायला पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा सोपं जावं. त्यांच्या पोर्टफोलिओत मात्र ते क्वचितच दिसतं.

मग कागद टाकून द्यायचे का? मुळीच नाही. पण कुठला कागद, ते पाहा. नोकरी पक्की झाल्यावर इकामा कंपनीच्या नावे करायची वेळ येते, आणि तिथे पोस्टर कुणी बघत नाही. तिथे डिग्री लागते. तिच्यावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं आणि ती प्रमाणित केलेली असावी लागते. सौदी २०२२ च्या अखेरीपासून अपोस्टिल करारात आहे, भारत त्याआधीपासून आहे. हे काम डिग्री हातात येताच भारतातच उरकून यावं. ऑफर आल्यावर धावपळ करण्यात आठवडे जातात. मोठ्या ठेकेदार कंपन्यांत पहिली चाळणी एचआर लावतं, तिथेही डिग्रीचा रकाना रिकामा असून चालत नाही. पदवीचं मोल असं दोन ठिकाणी आहे. सहा आठवड्यांच्या कोर्सचं मोल या दोन्ही ठिकाणी जवळपास शून्य आहे.

म्हणून आई-बाबांना माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी त्यातले थोडे रियाल प्रिंटिंग प्रेसमध्ये खर्च करा. मुलांना एखादं काम खरोखर छापून आणू द्या. कडेला तीन मिलिमीटर जादा रंग का सोडायचा, स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मळका का होतो, हे प्रेसवाला पाच मिनिटांत शिकवतो. आपल्या मंडळाच्या गणपतीची पत्रिका दरवर्षी शेवटच्या रात्री कुणीतरी मोबाइलवर उरकतं. ती यंदा मराठी-इंग्रजीत नीट करून द्यावी, जुनी आणि नवी शेजारी-शेजारी ठेवावी, काय बदललं आणि का, ते चार ओळींत लिहावं. अशी सहा कामं एका पीडीएफमध्ये, दहा एमबीच्या आत. आणि लिंक पाठवणार असाल तर आधी दुसऱ्याच्या फोनवर ती उघडते का ते पाहा. परवानगी मागणारी लिंक कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही.