सुगंधाचे मोल

परवा सायंकाळी कोप्पीकर रोडवरून घरी परतताना आम्ही सौभाग्यवतींसाठी मोगऱ्याचा गजरा आणि देव्हाऱ्यासाठी निशिगंधाच्या चार छड्या घेतल्या. निशिगंधाला आपले कानडी शेजारी ‘सुगंधराज’ म्हणतात, आणि ते नाव आम्हांस अधिक शोभिवंत वाटते. पुढे एका दुकानात निशिगंधाच्या अस्सल अर्काची चिमुकली कुपी दिसली. किंमत ऐकून आम्ही ती मुकाट्याने परत ठेवली. पण एवढे मोल का, हा प्रश्न घरापर्यंत सोबत आला.

गुलाब वाफेवर ऊर्ध्वपातित होतो, मग हीच फुले का नाहीत? कारण, वाचकहो, त्यांचा गंध नाजूक आहे. उकळत्या वाफेत त्यातील काही घटक विघटित होतात, काही जड घटक वर येतच नाहीत. हाती येते ते अत्यल्प आणि शिजल्या फुलाच्या वासाचे. कनोजचे कारागीर भपक्यात चंदनतेल ठेवून मोगऱ्याचे अत्तर काढतात खरे, परंतु तिथे गंध धरून ठेवतो तो चंदन.

जाई आणि निशिगंध यांचे वैशिष्ट्य असे की खुडल्यावरही ती काही काळ गंध निर्माण करीतच राहतात. फ्रान्समधील ग्रास गावी याचा लाभ घेत. लाकडी चौकटीतील काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर फुले मांडीत. जाईची दररोज, निशिगंधाची दोन-तीन दिवसांनी बदलीत. चरबी गंधाने तृप्त झाली की ती मद्यार्काने धूत. आपल्याकडे तिळांवर चमेलीचे थर देऊन नंतर तेल गाळतात, तो याचाच भाऊबंद. चरबीची ती रीत मजुरीपायी जवळजवळ लोपली.

आता तमिळनाडूत व कर्नाटकात हेक्झेन नावाचे द्रावक वापरतात. फुले त्यात न उकळता बुडवितात, आणि द्रावक कमी दाबाखाली उडवून लावतात. उरतो मेणट गोळा, त्याला ‘काँक्रीट’ म्हणतात. तो मद्यार्कात विरघळवून थंड केला की मेण साकळते. ते गाळून मद्यार्क उडविला की उरते ते ‘ॲब्सोल्यूट’.

आता हिशेब पाहा. 1000 किलो जाईपासून सुमारे 3 किलो काँक्रीट मिळते, आणि त्यातून निम्मे, म्हणजे दीड किलो ॲब्सोल्यूट. एका किलोत आठ-दहा हजार फुले, तीही हातांनी खुडलेली! निशिगंधाचे तितक्याच फुलांतून जेमतेम 1 किलो काँक्रीट निघते, आणि त्यातही मेणच फार. ॲब्सोल्यूट मिळते 200 ते 250 ग्रॅम. गोणीत दाबून ठेवलेली फुले तापून आंबली, तर तेही आंबूस वासाचे निघते.

म्हणून निशिगंधाचे ‘वाफेवर काढलेले शुद्ध तेल’ स्वस्तात मिळाले, तर शंका घ्यावी. कागदावर थेंब टाकून मात्र भेसळ कळत नाही; कुशल मिश्रण नाकालाही चकविते, आणि त्याचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो. आम्ही तूर्त छड्यांवरच समाधानी आहोत. रात्री दहानंतर त्या ओसरीभर दरवळू लागतात.