फुकटच्या जाहिरातीनंतर काय?

सणसरच्या एखाद्या संस्थेला रमजानआधी ‘गूगल अ‍ॅड ग्रँट्स’ मिळालं असं धरू. महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतची ही मदत रोख नसते, तेवढ्या किमतीच्या सर्च जाहिराती फुकट दाखवता येतात. नुसता एकच शब्द कीवर्ड म्हणून सहसा चालत नाही. ‘इंदापूर विद्यार्थ्यांसाठी जकात’ चालतो, पण तो शोधणारे मोजकेच. म्हणून नेमके शब्द सोडून भलतेच घेतले, तर जाहिरात दिसते पण क्लिक होत नाही. सलग दोन महिने क्लिक ५ टक्क्यांखाली राहिले, तर खातं बंद होऊ शकतं.

माझ्या मते आधी दात्यांची वही नीट ठेवावी. पावती त्याच दिवशी द्यावी. ईदनंतर किती मुलांची फी भरली ते कळवावं, मुलांची नावं मात्र झाकलेलीच राहू द्यावीत. जकात देणाऱ्याला ती हकदारापर्यंत पोहोचल्याची खात्री हवी असते, आणि ती जाहिरातीतून मिळत नाही.