कर्ज फिटलं, तरी क्रेडिट स्कोअर का घसरला?

समजा, तुम्ही बाइकचं कर्ज मार्चमध्ये फेडलं, तरी स्कोअर घसरला. क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या कर्जाची नोंद उघडा. ‘Current Balance’ शून्य आणि ‘Date Closed’समोर तारीख हवी. ‘DPD’मध्ये हप्ता किती दिवस थकला, हे महिन्यानुसार दिसतं, ‘000’ म्हणजे थकबाकी नाही. मार्चनंतर ‘030’, ‘060’ दिसत असेल, तर कर्ज फिटल्याची नोंद झालेली नाही.

नो ड्यूज सर्टिफिकेट हाताशी ठेवून बँकेकडे आणि क्रेडिट ब्युरोच्या वेबसाइटवर तक्रार करा. ब्युरो बँकेकडून खात्री करूनच नोंद बदलतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० दिवसांत तक्रार न सुटल्यास पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मात्र आधीचा एखादा हप्ता खरंच थकला असेल, तर ती नोंद तक्रारीनं पुसली जात नाही.