डाळ सांडली, तराजू बोलला

आमच्या परसवाड्याच्या मोहल्ल्यात एका ओट्यावर मराठी चालते, दुसऱ्यावर पोवारी, तिसऱ्यावर हिंदी, आणि बाजाराच्या दिवशी गोंडीही कानावर येते. अशा मोहल्ल्यासाठी ओल्या-सुक्या कचऱ्यावर पथनाट्य लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा मी 'जैवविघटनशील' वगैरे शब्द घालून छान लिहिला आणि आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाळा, हे माझ्याही डोक्यावरून गेलं."

मग जुनं उदाहरण आठवलं. जन नाट्य मंचाचं 'मशीन' १९७८ साली आलं, ते अवघं तेरा मिनिटांचं. त्यात कलाकारांची शरीरंच यंत्र होतात. म्हणजे जे शब्दांत सांगायचं, ते आधी डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आमच्या नाटकात तसा एक तराजू आला. प्रवेश असा: कबाडी आरोळी देतो, "रद्दी-पेपरऽऽ!" काकू कोरड्या रद्दीचा गठ्ठा आणते. तो तोलतो आणि पैसे मोजून हातावर ठेवतो. शेजारीण तेवढाच गठ्ठा आणते, पण तिच्या डब्यात रात्रीची डाळ त्याच्यावरच सांडलेली. हे नुसतं सांगायचं नाही, सगळ्यांसमोर खरी डाळ ओतायची. कबाडी नाक मुरडतो, "बाई, ये तो कोई नहीं लेगा." शेजारीण म्हणते, "अगं बाई, वजन तर वाढलं की!" इथे हमखास हशा येतो. हा हशा भाषा न समजणाऱ्यांचाही असतो, कारण तराजू सगळ्यांना कळतो.

दुसरा प्रवेश गाईचा. शिळा भात पन्नीत गाठ मारून फेकलेला. गाईला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पन्नीसकट गिळते. पन्नी पचत नाही, पोटात साठत जाते. गाय झालेला पोरगा एकेक पन्नी पोटाशी खोचत जातो आणि शेवटी वाकूही शकत नाही. तिथे एकही वाक्य लिहिलं नाही.

सॅनिटरी पॅडचं अडलं. नियमाप्रमाणे ते वेगळं गुंडाळून द्यायचं असतं, पण आजोबा-नातू शेजारी बसलेले. मी ते वगळणारच होते. आमच्यातल्या दोघी मुलींनी ऐकलं नाही. त्यांनी कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेली पुडी फक्त वेगळ्या डब्यात ठेवली आणि म्हटलं, "हिला हात लावणाऱ्या दादाला आधीच कळलं पाहिजे." कुणीही हसलं नाही.

नाटक संपल्यावर एका दादांनी विचारलं, "गाडीत दोन्ही डबे एकातच उलटे करतात, मग आम्ही कशाला?" संहितेत याला उत्तर नव्हतं. मी खरं ते सांगितलं: ओलं गाडीपर्यंत जाऊच देऊ नका, घरामागच्या बाडीत खड्डा करा, सालं टाकली की वर मूठभर माती किंवा वाळला पाला टाका. ज्यांच्याकडे बाडी नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढच्या प्रयोगात ते दादा स्वतः उभे राहून हाच प्रश्न विचारणार आहेत. तेवढी जागा मी मोकळी ठेवली आहे.