बायबॅकचा गाजावाजा, जप्तीचा मात्र पत्ता नाही

टेंभुर्णीत हल्ली ऊसबिलाइतकीच शेअरची चर्चा चालते. बायबॅकची बातमी आली की पोरं खुश, कंपनी पैसे वाटतेय म्हणून! पण ते येतात कुठून?

बजाज ऑटोचं उदाहरण घ्या. २०२४ च्या सुरुवातीला या पुण्याच्या कंपनीने ४० लाख शेअर प्रत्येकी १०,००० रुपयांना परत घेतले. एकूण ४,००० कोटी. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये, म्हणजे भागभांडवल कमी झालं फक्त ४ कोटींनी. बाकीचे ३,९९६ कोटी गेले गंगाजळीतून, म्हणजे आधीच्या वर्षांत न वाटलेल्या नफ्यातून. वर आणखी ४ कोटी गंगाजळीतून काढून वेगळ्या राखीव निधीत टाकावे लागतात. त्यातून लाभांश देता येत नाही, फार तर बोनस शेअर देता येतात. भांडवल घटलं तरी देणेकऱ्यांचा आधार तेवढाच राहावा, हा त्यामागचा हेतू. कायद्याने इथे देणेकऱ्याची काळजी घेतलीय, चांगलं आहे.

आता जप्ती बघा. काही शेअरचे पैसे हप्त्याने भरायचे असतात. समजा, १० रुपयांचे १०० शेअर घेतले, ५०० रुपये भरले आणि उरलेला हप्ता राहून गेला. कंपनी शेअर जप्त करते. वहीत १,००० रुपयांचं भांडवल रद्द, येणे असलेले ५०० रद्द, आणि तुम्ही भरलेले ५०० जातात 'जप्त शेअर' खात्यात. पुढे तेच शेअर कंपनीने दुसऱ्याला ७ रुपयांना दिले तर ७०० येतात. कमी पडलेले ३०० तुमच्या ५०० मधून भरले जातात. उरलेले २०० भांडवली राखीव निधीत. नफा-तोटा पत्रकात ते दिसतच नाहीत. म्हणजे १,००० च्या शेअरवर कंपनीला मिळाले १,२००, आणि तुम्हाला शून्य.

हे सगळं कायदेशीर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की व्याज आणि खर्च कापून ते २०० मूळ माणसाला परत का नाही द्यायचे? हिशेबनीस म्हणतील, मग हप्ता वेळेवर भरणार कोण? अहो, व्याज कापताय की! आणि शेअर तर गेलेच.

दुसरी गोष्ट नोटिशीची. कायद्यातल्या नमुना नियमावलीप्रमाणे जप्तीआधी किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. पण ती नोटीस इंग्रजीत, जाहिरातींच्या ढिगात पडलेल्या ई-मेलवर येणार. वीजबिलाचा मेसेज मराठीत येतो, मग हप्त्याची रक्कम आणि शेवटची तारीख मराठीत का येऊ नये?

तोवर आपलं डीमॅट खातं उघडून बघा. शेअरच्या नावापुढे PP असेल तर हप्ता बाकी असू शकतो. कंपनीच्या रजिस्ट्रारकडे आजच विचारा.