एक लॉगिन, तीन डिव्हाइस

मंडळी, या वेळचा विषय घरातूनच आला. माझा मामेभाऊ जनवाड्याचा, इंजिनिअरिंगला बिदरमध्ये हॉस्टेलवर राहतो. तिथल्या वाय-फायवर एका मुलाला दोनच डिव्हाइस जोडता येतात. याच्याकडे फोन, लॅपटॉप आणि नोट्स काढायला टॅब. "दादा, टॅब जोडला की फोन बाहेर फेकला जातो," असं तो म्हणाला. हॉटेलात चौघं जण उतरलो की आपल्याकडेही हाच प्रकार होतो: लॉगिन दोन आणि फोन चार.

यावर उपाय म्हणजे ट्रॅव्हल राउटर. काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा डबा, मोबाइलच्या चार्जरवर चालतो, लाइट गेली तर पॉवर बँकेवरही. जीएल-आयनेटचा मँगो किंवा ओपल, टीपी-लिंकचे छोटे राउटर, हे सगळे याच जातीचे.

हॉटेलचं वाय-फाय तुम्हाला नावाने ओळखत नाही. ते डिव्हाइसचा मॅक ॲड्रेस लक्षात ठेवतं आणि मोजणीही त्याचीच होते. ट्रॅव्हल राउटर स्वतः एक डिव्हाइस म्हणून हॉटेलच्या वाय-फायला जोडला जातो आणि खोलीत आपलं वेगळं वाय-फाय सुरू करतो. आपले फोन त्या वाय-फायला जोडायचे. हॉटेलला दिसतो तो फक्त राउटर.

जीएल-आयनेटचा राउटर असेल तर फोन त्याच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये 192.168.8.1 उघडा. रिपीटरमध्ये जाऊन हॉटेलचं नेटवर्क निवडा. मग त्याच फोनवर http://neverssl.com उघडा, म्हणजे हॉटेलचं लॉगिनचं पान समोर येईल. पत्ता https चा टाकलात तर बहुतेक वेळा पानाऐवजी सुरक्षेचा इशाराच दिसतो. एकदा ओटीपी टाकला की राउटरमागचे सगळे चालू.

अडतं ते बहुधा इथेच, पान येतच नाही. राउटर जोडलेला दिसतो, पण काही उघडत नाही. लॉगिनचं पान दाखवायला हॉटेल आपली डीएनएसची विचारणा मध्येच अडवून स्वतःचं उत्तर देतं. राउटरवर व्हीपीएन किंवा वेगळा डीएनएस लावलेला असेल तर हॉटेलचं उत्तर आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून लॉगिन होईपर्यंत दोन्ही बंद ठेवा, आणि DNS Rebinding Attack Protection हा पर्यायही. नंतर परत चालू करा.

तरीही जमलं नाही तर शेवटचा मार्ग. फोन थेट हॉटेलच्या वाय-फायला जोडून लॉगिन करा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कसाठीचा मॅक ॲड्रेस पाहा. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात, म्हणून ‘अबाउट फोन’मधला उपयोगाचा नाही. तो पत्ता राउटरला द्या आणि फोनमधून हॉटेलचं नेटवर्क ‘फर्गेट’ करा. हे विसरलात तर एकाच पत्त्याची दोन यंत्रं हवेत राहतात आणि दोघांचंही कनेक्शन सारखं तुटत राहतं. असं व्हायला लागलं की आधी इथेच बघावं.

वेग मात्र वाढत नाही. एका लॉगिनला जेवढा मिळतो, तेवढाच सगळ्यांत वाटला जातो. मँगोसारखा एकाच बँडचा राउटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. व्हॉट्सॲपला पुरेल, चार जणांच्या व्हिडिओला नाही.

हॉस्टेलची गोष्ट थोडी निराळी. पुष्कळ हॉस्टेलांत राउटरला बंदी असते आणि ती उगाच नसते. भिंतीतली केबल राउटरच्या वॅनऐवजी लॅनच्या खाचेत घातली की आपला डबा अख्ख्या मजल्याला चुकीचे आयपी वाटायला लागतो. मग शेजारच्या मुलांचं नेट का गेलं हे कुणालाच कळत नाही. मी भावाला आधी वॉर्डन सरांना विचारायला लावलं. स्वतःच्या तीन डिव्हाइससाठी, केबल न लावता, अशी परवानगी मिळाली. नसती मिळाली तर टॅब बंद ठेव म्हणालो असतो.

आणि रूममेटला पासवर्ड द्यायचा नाही, यावर मी अडून बसलो. त्याला ते कंजूषपणाचं वाटलं. पण आपल्याकडे असं लॉगिन मोबाइल नंबरच्या ओटीपीवर चालतं आणि याच्या फोनचं सिम मामांच्या नावावर आहे. राउटरमागून कुणीही काहीही केलं तरी हॉस्टेलच्या नोंदीत एकच डिव्हाइस आणि एकच नंबर दिसणार. चौकशी आली तर ती जनवाड्याला मामांच्या दारात येईल. रूममेटने स्वतःच्या लॉगिनवर जावं.