तोंडी परीक्षेआधीची तोंडी परीक्षा

गेल्या महिन्यात येरवड्याची एक मुलगी आपल्या पीएच.डी.च्या स्लाइड घेऊन आमच्याकडे आली. प्रबंध सादर झाला होता, तोंडी परीक्षेला दोन आठवडे उरले होते. "काका, मला प्रश्न काढून द्या आणि उत्तरेही लिहून द्या," ती म्हणाली. उत्तरे तुझी तूच लिही, प्रश्न आपण मिळून काढू, असे आम्ही सांगितले. त्या दोन संध्याकाळी जे झाले, ते वाचकांच्या घरातील मुलामुलींच्या कामी येईल म्हणून येथे देत आहोत.

तिचा विषय दहावीनंतर मुलींचे शिक्षण हा. तिने १२० मुलींची माहिती घेतली होती. पहिल्या फेरीत तिने स्वतः काढलेले प्रश्न असे होते : नमुना किती? साधन कोणते? निष्कर्ष काय? या सर्वांची उत्तरे स्लाइडवरच छापलेली होती. स्लाइड वाचून ज्याचे उत्तर देता येते, तो प्रश्न परीक्षक सहसा विचारत नाही. तो त्याने वाचलेलाच असतो. म्हणून आम्ही दुसरी रीत धरली. प्रत्येक स्लाइडवर जो शब्द दावा करतो, त्याखाली रेघ मारायची आणि त्या शब्दालाच विचारायचे : कशावरून? दुसरे काही का नाही? आणि हे कुठवर खरे?

चौथ्या स्लाइडवर "यादृच्छिक नमुना" असे होते. आम्ही विचारले, चिठ्ठ्या टाकल्या होत्या का? ती गप्प झाली. खरे तर ओळखीच्या घरांतून पुढच्या घरांची नावे मिळत गेली होती. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिने ते प्रामाणिकपणे लिहिलेही होते. स्लाइड बनवताना भारदस्त शब्द आला, इतकेच. स्लाइड आणि प्रबंध यांत असा फरक असला की परीक्षक तेथेच थांबतो. तिने शब्द बदलला आणि उत्तर लिहिले : "नमुना यादृच्छिक नाही, सर. मुलींची पूर्ण यादी मिळाली नाही, म्हणून ओळखीतून निवड केली. त्यामुळे निष्कर्ष या १२० मुलींपुरता आहे."

नवव्या स्लाइडवर तक्ता होता. आई दहावी झालेल्या ५० मुलींपैकी ४० कॉलेजात गेल्या, म्हणजे ८० टक्के. आई दहावी न झालेल्या ७० पैकी ३५ गेल्या, म्हणजे ५० टक्के. काय-वर्ग कसोटीचे मूल्य ११.२ आले होते. पाच टक्के पातळीला ३.८४ पुरते. खाली लिहिले होते, "आईच्या शिक्षणामुळे मुली कॉलेजात जातात." रेघ "मुळे"खाली गेली. आईबरोबर घरचे उत्पन्नही बदलत असेल तर? तिचे उत्तर : "संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. उत्पन्न वेगळे काढून मी तपासलेले नाही." स्लाइडवर "मुळे"च्या जागी "संबंध आढळला" आले.

पण एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतोच, आणि तोही लिहून ठेवावा लागतो. नमुना यादृच्छिक नाही, मग कसोटी कशाला लावली? कारण ही कसोटी यादृच्छिक निवड धरून चालते. यावर ती रात्रभर अडली. दुसऱ्या दिवशी लिहून आणले : "बरोबर आहे. म्हणून ११.२ हा आकडा मी फक्त सूचक मानते. मुख्य आधार ८० आणि ५० टक्क्यांतील फरकाचा आहे, आणि तोही याच मुलींपुरता." हे एक उत्तर तिच्या साऱ्या तयारीचे सार होते.

प्रत्येक उत्तराचे तीन भाग ठेवले. पहिल्या वाक्यात थेट हो की नाही, दुसऱ्यात प्रबंधातील आधार, तिसऱ्यात मर्यादा. शेजारी प्रबंधाचा पान क्रमांक. पान सापडले नाही, तर ते उत्तर स्मरणातून रचलेले आहे असे समजावे आणि पुन्हा शोधावे.

लिहिलेले उत्तर पाठ करू नये. पाठ केले की परीक्षकाने शब्द फिरवताच माणूस अडखळतो. तिने कार्डावर फक्त तीन-तीन शब्द लिहिले, आणि तिच्या भावाने कार्डे पिसून उलटसुलट भाषेत प्रश्न विचारले. तेच उत्तर दर वेळी वेगळ्या वाक्यांत आले, तेव्हा ते समजले असे आम्ही मानले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ही परीक्षा खुली असते; इतर प्राध्यापक आणि संशोधकही येऊन बसतात. म्हणून भावाला आम्ही मुद्दाम संख्याशास्त्र न कळणारा श्रोता म्हणून बसवले होते. त्याने शेवटी विचारले, "ताई, ज्या मुली लग्न होऊन वस्तीतून गेल्या, त्या तुझ्या १२० मध्ये आहेत का?" त्या नव्हत्या. कोणत्याही स्लाइडवर नसलेला हा प्रश्न तिने सर्वांत वरच्या कार्डावर लिहिला.